रांगेतला नंबर वेगळा, शेअरचे वय वेगळे

प्रश्न: मी बडोद्याला मांजलपुरात राहते. एका कंपनीचे शेअर २०१६, २०२१ आणि डिसेंबर २०२४ मध्ये घेतले. मधे २०२३ मध्ये एकास एक बोनस मिळाला. २०२५-२६ मध्ये त्यांतले २५० शेअर तीन वेळा थोडे थोडे विकले. ॲपमध्ये सरासरी खरेदी २९३.५७ दिसत होती, पहिल्या विक्रीनंतर ती ३११.७४ झाली. विकल्यावर सरासरी का बदलावी? २९३.५७ धरून मी काढलेला नफा ८५,४०७ येतो, ब्रोकरचा रिपोर्ट ९२,२०० म्हणतो. खरा कोणता? कोणते शेअर आधी विकले गेले असे धरायचे? शिवाय वडिलांनी २०१२ मध्ये घेतलेले याच कंपनीचे ५० शेअर जानेवारी २०२४ मध्ये मला दिले, ते माझ्या दुसऱ्या डीमॅटमध्ये आहेत. तेही यात मोजायचे का? कॉन्ट्रॅक्ट नोटा जोडल्या आहेत.

उत्तर: विवरणपत्रात यांतला एकही आकडा जाणार नाही. तुमच्या कागदांवरून तो ७६,००० येतो, आणि त्यांतल्या ६९,५०० रुपयांवर बहुधा एक पैसाही कर नाही. पण आधी ती सरासरी बघू, कारण तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवले आहे.

तुमच्याकडे एकूण २८० शेअर होते. पदरचे पैसे गेले ते ८२,२०० रुपये. भागले की २९३.५७. आता त्यातले ५० शेअर ‘सरासरी भावाचे’ म्हणून बाहेर गेले असते, तर उरलेल्या २३० ची सरासरी २९३.५७ च राहिली असती. ताकाच्या भांड्यातून एक पेला काढला म्हणून उरलेले ताक जास्त आंबट होत नाही. तुमची सरासरी वाढली याचा अर्थ ॲपने सरासरीचे शेअर काढलेच नाहीत, २०१६ चे स्वस्त शेअर काढले. ते तुम्ही २१० रुपयांनी घेतले होते. ८२,२०० मधून १०,५०० वजा केले की ७१,७०० उरतात आणि त्याला २३० ने भागले की बरोबर ३११.७४ येतात. म्हणजे ॲपला नियम ठाऊक आहे. पुढच्या काचेवर सरासरी लावून ठेवली आहे ती ग्राहकाला एका नजरेत कळावे म्हणून. कराच्या हिशेबात तिला जागा नाही.

नियम आहे १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४५ (२ए) मध्ये. डीमॅटमधले शेअर एकसारखे असतात, त्यांना कागदी सर्टिफिकेटासारखे वेगळे नंबर नसतात. त्यामुळे ‘मी डिसेंबरचे महाग शेअर विकले, जुने ठेवले’ असे म्हणायची सोय नाही. जे आधी आले ते आधी गेले असेच धरायचे. आमच्या घरी धान्याची मातीची कोठी होती, वरून ओतायचे आणि खालच्या तोंडातून काढायचे. यंदाचा गहू वर पडला तरी खालून गेल्या वर्षीचाच येणार. डीमॅट खाते ही तशी कोठी आहे. (नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला, तरी २०२५-२६ च्या उत्पन्नाचा हिशेब जुन्याच कायद्याने होतो, म्हणून कलमाचा जुना नंबर दिला.)

आता एक गोष्ट नीट धरून ठेवा, पुढचे सगळे तिच्यावर आहे. प्रत्येक खेपेला दोन तारखा असतात. एक, शेअर या डीमॅट खात्यात जमा झाल्याची तारीख. तिच्यावरून रांगेतला नंबर ठरतो, म्हणजे कोण आधी बाहेर पडणार ते. दुसरी, शेअर मुळात मिळवल्याची तारीख. तिच्यावरून शेअरचे वय ठरते, आणि नफा अल्पमुदतीचा की दीर्घमुदतीचा हे वयावर ठरते. बाजारात साधी खरेदी केली तर दोन्ही तारखांत एखाद्या दिवसाचेच अंतर असते, म्हणून बहुतेकांना त्या एकच वाटतात. वय मोजताना मात्र कॉन्ट्रॅक्ट नोटेची तारीख घ्यायची, खात्यात जमा झाल्याची नाही. या दोन तारखांत वर्षांचे अंतर पडते ते बक्षीस, वारसा आणि कागदी शेअर डीमॅट केले तेव्हा. तुमच्या वडिलांच्या शेअरांचे तसेच आहे. त्यांच्याकडे शेवटी येतो.

तुमच्या मुख्य खात्याची रांग अशी लागते. पहिल्या नंबरावर १४ मार्च २०१६ चे ६० शेअर, २१० रुपयांचे. मग ९ सप्टेंबर २०२१ चे ४०, ७०० रुपयांचे. तिसऱ्या नंबरावर २० जून २०२३ ला वाटप झालेले बोनसचे १००. शेवटी ५ डिसेंबर २०२४ चे ८०, ५२० रुपयांचे.

बोनसला मी स्वतंत्र नंबर दिला हे लक्षात आले असेल. इथे फार लोक घसरतात. त्यांना वाटते की बोनस मिळाला म्हणजे २१० चा शेअर १०५ चा झाला आणि ७०० चा ३५० चा. मनाचे समाधान म्हणून ठीक आहे, पण कायदा तसे मानत नाही. मूळ शेअर २१० चाच राहतो आणि ७०० चा ७०० चाच. बोनस शेअर ही वेगळी खेप असते, तिची खरेदी किंमत शून्य आणि तिचे वय वाटपाच्या दिवसापासून. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत मिळालेल्या बोनसला थोडी सवलत आहे, पण तुमचा बोनस २०२३ चा, त्यामुळे शून्य म्हणजे शून्य.

शेअरचे विभाजन झाले असते तर गोष्ट उलटी असती. दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर पाचाचा झाला की प्रत्येक खेपेची संख्या दुप्पट, भाव निम्मा, वय जुनेच. डीमॅटच्या उताऱ्यावर मात्र जुन्या ISIN ओळख क्रमांकाखाली शेअर वजा आणि नव्या ISIN खाली त्याच सुमारास जमा असे दिसते, आणि नवखा माणूस ती जमा नवी खरेदी समजतो. तुमच्या प्रकरणात विभाजन नाही, म्हणून एवढ्यावरच सोडतो.

आता विक्री रांगेला लावू. ब्रोकरेज आणि त्यावरचा जीएसटी, एक्स्चेंजचे आकार वगैरे खरेदीत मिळवता येतात आणि विक्रीतून वजा करता येतात, शेअर व्यवहारावरचा कर एसटीटी मात्र नाही. आकडे सोपे राहावेत म्हणून मी इथे ते खर्च धरलेले नाहीत. तुमच्या अंतिम तक्त्यात धरा.

१२ मे २०२५ ला तुम्ही ५० शेअर ६०० रुपयांनी विकले. ते सगळे पहिल्या खेपेतून गेले. २०१६ ची खेप म्हणून इथे एक जुनी सवलत लागते. शेअरवरचा दीर्घमुदतीचा नफा १ एप्रिल २०१८ पासून पुन्हा करपात्र झाला, तेव्हा सरकारने सांगितले की ३१ जानेवारी २०१८ पर्यंत झालेली वाढ आम्ही मोजणार नाही. त्यासाठी त्या दिवशी एक्स्चेंजवर नोंदलेला सर्वांत वरचा भाव पाहायचा. तुमच्या शेअरचा तो ४८० आहे. हा भाव आणि विक्रीचा भाव यांतला कमी तो घ्यायचा, मग तो आणि प्रत्यक्ष खरेदी यांतला जास्त तो घ्यायचा, आणि ती तुमची किंमत. शीटमध्ये C रकान्यात खरेदी, D मध्ये ३१ जानेवारी २०१८ चा भाव आणि E मध्ये विक्रीचा भाव असेल तर:

```
=MAX(C2, MIN(D2, E2))
```

६०० आणि ४८० यांत कमी ४८०. ४८० आणि २१० यांत जास्त ४८०. म्हणजे दर शेअरमागे नफा १२० आणि ५० शेअरवर ६,०००. बोनस नंतर आला म्हणून ४८० चे २४० करायचे नाहीत. तो भाव मूळ शेअरचा आहे आणि मूळ शेअर बोनसने बदललेला नाही. विभाजन असते तर भागला असता.

१८ ऑगस्ट २०२५ ला १२० शेअर ६४० ने विकले. एकच विक्री, पण रांगेत ती तीन खेपांना चिरत जाते. २०१६ चे उरलेले १० आधी गेले, ६४० उणे ४८०, नफा १,६००. मग २०२१ चे ४० सगळे गेले. ते ७०० चे होते, म्हणून २,४०० तोटा. तोही दीर्घमुदतीचाच, आणि दीर्घमुदतीच्या नफ्यातून वजा होतो. राहिले ७०, ते बोनसमधून. किंमत शून्य, म्हणजे विक्रीचे सगळे ४४,८०० नफा. या दिवसाची बेरीज ४४,०००.

२० नोव्हेंबर २०२५ ला ८० शेअर ६५० ने विकले. बोनसचे ३० शिल्लक होते, ते आधी: १९,५०० नफा, दीर्घमुदतीचा. उरलेले ५० डिसेंबर २०२४ च्या खेपेतले. ६५० उणे ५२०, गुणिले ५०, म्हणजे ६,५००. पण या ५० शेअरचे वय बारा महिन्यांपेक्षा पंधरा दिवसांनी कमी भरते. म्हणून हा नफा अल्पमुदतीचा.

| विक्री | कोणत्या खेपेतून | शेअर | नफा / तोटा | मुदत |
|---|---|---|---|---|
| १२ मे | २०१६ | ५० | ६,००० | दीर्घ |
| १८ ऑगस्ट | २०१६ | १० | १,६०० | दीर्घ |
| १८ ऑगस्ट | २०२१ | ४० | −२,४०० | दीर्घ |
| १८ ऑगस्ट | बोनस | ७० | ४४,८०० | दीर्घ |
| २० नोव्हेंबर | बोनस | ३० | १९,५०० | दीर्घ |
| २० नोव्हेंबर | २०२४ | ५० | ६,५०० | अल्प |

दीर्घमुदतीचा ६९,५००, अल्पमुदतीचा ६,५००. दीर्घमुदतीच्या नफ्याला वर्षाला १,२५,००० पर्यंत कर नाही, त्यावरच्या रकमेला १२.५ टक्के. म्हणून दुसरीकडे शेअर किंवा इक्विटी फंड विकून मोठा नफा झाला नसेल तर या ६९,५०० वर काही भरायचे नाही. त्यातले ६४,३०० एकट्या बोनसचे आहेत हेही पाहून ठेवा. अल्पमुदतीच्या ६,५०० ला २० टक्के, म्हणजे १,३०० आणि त्यावर ४ टक्के उपकर, एकूण १,३५२. तुमचे बाकीचे उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्या खाली असेल तर उरलेली मर्यादा या नफ्याला वापरता येते आणि तेही वाचतात. पण नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत कर नाही असे ऐकून ‘मग माझा शेअरचा नफाही माफ’ असे धरू नका. ती सूट या खास दराच्या नफ्यावरच्या कराला मिळत नाही.

पंधरा दिवसांचा हिशेब तुम्हाला खुपेल म्हणून सांगतो. बारा महिन्यांपेक्षा ‘जास्त’ हवेत, म्हणजे ५ डिसेंबर २०२५ उलटायला हवा होता. ६ तारीख शनिवार होती. सोमवारी ८ डिसेंबरला विकले असते तर १,३५२ वाचले असते. पण तेवढ्यात भाव ६५० चा ६२० झाला असता तर ८० शेअरवर २,४०० गेले असते. मी कोणाला केवळ पंधरा दिवसांच्या करासाठी विक्री थांबवा असे सांगत नाही, आकडा हजारांत असेल तर तर मुळीच नाही. मात्र त्या दिवशी ८० ऐवजी बोनसचे उरलेले ३० च विकता आले असते, आणि ते तुम्हाला ठाऊक असायला हवे होते. हे ॲपच्या सरासरीतून कधीच दिसत नाही.

आता ते दोन आकडे. ब्रोकरच्या ९२,२०० मध्ये खेपा बरोबर लावलेल्या आहेत, चूक एकच: २०१६ च्या ६० शेअरना त्याने २१० हीच किंमत धरली, ४८० नाही. ६० गुणिले २७०, १६,२००. ९२,२०० मधून ते काढले की ७६,००० राहतात. बऱ्याच रिपोर्टांत ३१ जानेवारी २०१८ च्या भावाचा रकाना वेगळा असतो किंवा दुसऱ्या पानावर असतो. एकदा बघा, कदाचित तुमच्याही रिपोर्टात असेल आणि तुम्ही फक्त पहिली बेरीज पाहिली असेल.

तुमच्या ८५,४०७ मध्ये चूक वेगळ्या जातीची आहे. ब्रोकरपेक्षा तुमचा नफा ६,७९३ ने कमी. हे पैसे गेले कुठे? तुमच्याकडे उरलेल्या ३० शेअरमध्ये लपले आहेत. तुमच्या हिशेबाने ते २९३.५७ चे, म्हणजे ८,८०७ रुपयांचे. खरे तर ते सगळे डिसेंबर २०२४ चे आहेत, ५२० चे, म्हणजे १५,६०० चे. फरक मोजा, ६,७९३. सरासरीने नफा नाहीसा होत नाही, तो या वर्षातून उचलून पुढच्या वर्षात टाकला जातो. सगळे शेअर विकून खाते रिकामे केले असते तर दोन्ही पद्धतींनी एकूण आकडा एकच आला असता, आणि म्हणूनच अनेकांना वर्षानुवर्षे आपली चूक कळत नाही. तुकड्यांनी विकले की कळते. शिवाय सरासरीच्या शेअरला वय नसते. ८५,४०७ मधले दीर्घ किती आणि अल्प किती, हे तुम्ही सांगूच शकला नसता.

स्वतःची उलटतपासणी करायची एक सोपी खूण आहे. आज ॲपमध्ये उरलेल्या ३० शेअरची सरासरी बघा. ५२० दिसली तर तुमची रांग आणि ॲपची रांग जुळली. वेगळी दिसली तर कुठेतरी एखादी खेप चुकीच्या तारखेला किंवा चुकीच्या भावाला बसली आहे. बहुधा बोनस.

वडिलांचे ५० शेअर या हिशेबात धरायचे नाहीत. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचे २४ जून १९९८ चे परिपत्रक क्रमांक ७६८ आहे, त्यात हे स्वच्छ लिहिले आहे: एकाच माणसाची दोन डीमॅट खाती असतील तर रांग प्रत्येक खात्याची वेगळी. एका कोठीतून धान्य काढले म्हणून दुसरीतले कमी होत नाही. तुम्ही तिन्ही वेळा मुख्य खात्यातून विकले, म्हणून दुसरे खाते जसेच्या तसे. खरे सांगायचे तर पहिला आला पहिला गेला या नियमात गुंतवणूकदाराच्या हातात एवढी एकच निवड उरते, कोणत्या खात्यातून विकायचे ही. कोणते शेअर विकायचे ही निवड नाही.

त्या ५० शेअरला खरेदी किंमत वडिलांची आणि वय वडिलांच्या २०१२ च्या खरेदीपासून. बक्षीस मिळाले तेव्हाचा बाजारभाव धरायचा नाही, हीही एक नेहमीची चूक. वडिलांकडून मिळाल्याने त्या वेळी तुम्हाला कर लागला नाही, पण त्यांची जुनी किंमत तुमच्याकडे आली. त्यांच्या २०१२ च्या खरेदीची नोट मागून घ्या, आजच. वडिलांनाही २०२३ चा बोनस मिळाला असेल. त्यांच्या खात्यातही रांग होतीच, म्हणून जे ५० बाहेर पडले ते त्यांच्याकडचे सर्वांत जुने. २०१२ च्या आधी त्यांनी याच कंपनीचे काही घेतले नव्हते ना, एवढे विचारून घ्या.

काही जण म्हणतील, कशाला दोन खाती, ते ५० मुख्य खात्यात आणून टाका. आणा, स्वतःच्याच खात्यात हलवणे ही विक्री नव्हे, त्यावर कर नाही. पण मग त्या दोन तारखा आठवा. २०१२ चे शेअर, वय चौदा वर्षे, तरी मुख्य खात्याच्या रांगेत ते सर्वांत शेवटी उभे राहतील, डिसेंबर २०२४ च्या ३० च्या मागे. वयाने सर्वांत थोरले आणि नंबर सर्वांत मागचा. त्यानंतर ४० शेअर विकले तर आधी ५२० चे ३० जाणार, मग वडिलांचे १०. त्यांना हात लागेल तेव्हा वय मात्र २०१२ पासूनच मोजायचे.

हे मी एकदा स्वतः चुकलो आहे. दांडिया बाजारातल्या माझ्या एका नात्यातल्या काकांकडे नव्वदच्या दशकातली सर्टिफिकेटे होती. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करता येणार नाहीत असे झाले, तेव्हा धावपळ करून त्यांनी ती जानेवारी २०१९ मध्ये डीमॅट केली. खात्यात ऑगस्ट २०१८ ला बाजारातून घेतलेले त्याच कंपनीचे शेअर आधीच होते. मे २०१९ ला काकांनी थोडे विकले. मी अगदी आत्मविश्वासाने सर्टिफिकेटवाले शेअर आधी गेले असे धरले, जुने आहेत ना, आणि सगळा नफा दीर्घमुदतीचा दाखवला. विवरणपत्र भरून झाल्यावर डीमॅटचा उतारा पुन्हा चाळताना ठेच लागली. खात्यात आधी आले होते ते ऑगस्टचे. विकले गेले ते नऊ महिन्यांचे शेअर, नफा अल्पमुदतीचा. त्या १९९८ च्या परिपत्रकात हे उदाहरण जवळजवळ असेच आहे, आणि मी ते वाचलेले होते. सुधारित विवरणपत्र भरले, फरकाचा कर व्याजासह भरला, आणि काकांना चहा पाजून कबूल केले. तेव्हापासून मी शेअरचे वय बघण्याआधी उतारा बघतो.

कागद दोन लागतात आणि दोघांचे काम वेगळे. डीमॅटच्या व्यवहारांचा उतारा, सीडीएसएल किंवा एनएसडीएल या डिपॉझिटरीचा, रांग सांगतो: कोणत्या तारखेला किती जमा, किती वजा. त्यात तुमची खरेदी किंमत नसते. कॉन्ट्रॅक्ट नोट किंमत सांगते, पण शेअर कोणत्या खात्यात गेले ते नीट सांगत नाही. उताऱ्यावरून आधी ओळी मांडायच्या आणि मग प्रत्येक जमेच्या ओळीपुढे नोटेवरची किंमत आणि तारीख लिहायची. उलट क्रमाने केले तर बोनस आणि बक्षीस हमखास सुटतात, कारण त्यांची नोटच नसते.

याच कारणाने प्राप्तिकर पोर्टलवरच्या `AIS` या वार्षिक माहितीपत्रकात दिसणारी खरेदी किंमत डोळे मिटून उचलू नका. विक्रीची रक्कम सहसा जवळपास बरोबर असते. खरेदीची किंमत तिथे पोहोचते ती डिपॉझिटरीच्या अंदाजाने, आणि एका खात्यातून दुसऱ्यात आलेल्या शेअरांना ती शून्य किंवा भलतीच असू शकते. फरक दिसला तर तिथेच अभिप्राय नोंदवा आणि विवरणपत्रात आपला, कागदावर टिकणारा आकडा भरा. `Schedule 112A` मध्ये ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या शेअरची ओळ वेगळी भरावी लागते, म्हणजे तुमची २०१६ ची खेप. तिचे ५० आणि १० वेगळ्या भावाने विकले गेले, म्हणून दोन ओळी करा. बाकीचे दीर्घमुदतीचे एकत्र चालतात. अल्पमुदतीचे ६,५०० दुसऱ्या जागी जातात.

आणखी एक, कारण तुमच्या सव्वा लाखातले ५५,५०० वापरायचे राहिले हे बघून कोणीतरी तुम्हाला पुढच्या मार्चमध्ये सांगणारच: शेअर विका, नफा बुक करा आणि लगेच परत घ्या. युक्ती चालते, पण त्याच दिवशी त्याच एक्स्चेंजवर परत घेतले तर नाही. त्या दिवशीची खरेदी आणि विक्री एकमेकांत कापली जाते, तुमच्या खात्यातून एकही शेअर हलत नाही, आणि जे काही पैसे सुटतील ते सट्टा व्यवहार म्हणून धंद्याच्या उत्पन्नात जातात. रांगेतले शेअर जिथल्या तिथे, जुन्याच किमतीला. नफा खरोखर बुक करायचा तर आज विका, उद्या घ्या. उद्या घेतलेले मात्र रांगेच्या शेवटी, नव्या किमतीला आणि वय शून्यापासून.

तुमच्या उरलेल्या ३० ना ६ डिसेंबर २०२५ लाच बारा महिने उलटून गेले आहेत. ते कधीही विकले तरी दीर्घमुदतीचे. त्यांना ३१ जानेवारी २०१८ च्या भावाचा काही संबंध नाही, किंमत ५२० अधिक त्या दिवशीचे ब्रोकरेज. फक्त वडिलांचे ५० मुख्य खात्यात आणायचे असतील तर आणल्याची तारीख आत्ताच तक्त्यात टिपून ठेवा.